हातावरचे पोट आणि पोटात घातलेली चूक: एका सभेतील सात वाक्यांचा अभ्यास

हा प्रसंग पुण्यातील एका मध्यम आकाराच्या गृहनिर्माण संस्थेत घडला. रविवारी संध्याकाळी व्यवस्थापक समितीची सभा वाहनतळातच, प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून भरली होती. समितीत आम्ही नऊ सदस्य होतो आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. विषय दोनच होते. एका सदनिकेत परवानगीशिवाय ठेवलेला पोटभाडेकरू हा पहिला, आणि रात्रपाळीच्या रखवालदाराला ठेवायचे की काढायचे हा दुसरा. आधीच्या आठवड्यात रात्री दोन ते चारच्या दरम्यान दोन दुचाक्यांच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या होत्या आणि त्या वेळी रखवालदार फाटकावर नव्हता. पत्नीला दवाखान्यात दाखल केल्याचा फोन आल्यामुळे तो कोणालाही न सांगता निघून गेला होता. सात वर्षांच्या नोकरीत अशी तक्रार पहिल्यांदाच आली होती.

मी महाविद्यालयात भाषाविज्ञान शिकवते, पण सभेला गेले होते ती केवळ सदस्य म्हणून. रात्री कच्च्या टिपणांवरून इतिवृत्त तयार करताना लक्षात आले की त्या तासाभरात ‘पोट’ हा शब्द सारखा येत होता, दर वेळी वेगळ्या कामासाठी येत होता, आणि मी मात्र तो इतिवृत्तातून एकेक करून काढून टाकत होते. त्या टिपणांतली सात वाक्ये पुढे घेतली आहेत. ती बोलणाऱ्यांच्या संमतीने घेतली आहेत आणि नावे वगळली आहेत. मतदानात मी रखवालदाराला ठेवावे या बाजूने होते, हेही आरंभीच सांगणे योग्य ठरेल, कारण वाक्यांचा अर्थ लावताना बाजू घेतलेल्या माणसाची चूक होण्याचा संभव अधिक असतो.

वाक्ये बोलली गेली त्या क्रमाने अशी. सचिव म्हणाले, “पोटभाडेकरू ठेवायचा तर त्या पोटकलमाप्रमाणे समितीची परवानगी लागते.” रखवालदाराचा विषय निघाल्यावर एक तरुण सदस्य म्हणाला, “आपण अशा माणसाला किती दिवस पोसायचं?” रखवालदाराला बोलावले तेव्हा तो उभ्यानेच म्हणाला, “साहेब, माझं हातावर पोट आहे. घरात खाणारी तोंडं पाच आणि कमावणारे हात हे दोनच.” हे म्हणताना त्याने दोन्ही तळवे पुढे केले. मग तो म्हणाला, “पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका.” तो बाहेर गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, “दवाखान्याचं खरं असेलही, पण याच्या ओठांत एक आणि पोटात एक असतं असं मला वाटतं.” समितीतल्या सर्वांत ज्येष्ठ काकू म्हणाल्या, “बायकोचं ऐकून माझ्या तर पोटात कालवलं.” आणि थोडे थांबून त्याच म्हणाल्या, “सात वर्षांतली पहिली चूक आहे. या वेळेला पोटात घाला.”

ही वाक्ये ऐकताना कोणालाही आपण काही अलंकारिक ऐकत आहोत असे वाटले नाही. शाळेत अलंकार शिकलेल्या माणसाला रूपक म्हटले की कवितेतली ओळ आठवते. 1980 साली अमेरिकन भाषावैज्ञानिक जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी मांडलेला विचार याच्या नेमका उलट दिशेने जातो. त्यांच्या मते रूपक आधी विचारात असते आणि शब्दांत नंतर उतरते. एखादी अमूर्त गोष्ट आपण एखाद्या मूर्त, शरीराला परिचित असलेल्या गोष्टीच्या घडणीवरून समजून घेतो, आणि त्यामुळे त्या मूर्त गोष्टीबद्दलचे बोलणे अमूर्त गोष्टीला आपोआप लागू होते. याला संकल्पनात्मक रूपक म्हणतात. त्याच्या शेजारी दुसरी एक वाट आहे, जिला इंग्रजीत मेटॉनिमी म्हणतात. तिच्यात दोन वेगळ्या क्षेत्रांची तुलना नसते. एकाच अनुभवात एकमेकांना लागून असलेल्या दोन गोष्टींपैकी एकीचे नाव घेऊन दुसरीकडे बोट दाखवले जाते. ‘अख्खं गाव लोटलं’ म्हणताना आपण गाव आणि माणसे यांची तुलना करत नाही, कारण माणसे गावातच असतात.

आपल्याकडे हा भेद जुना आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात ‘गंगायां घोषः’ हे लक्षणेचे ठरलेले उदाहरण आहे. गंगेच्या प्रवाहावर गवळ्यांची वस्ती असू शकत नाही, म्हणून मुख्य अर्थ अडतो आणि आपण लगतचा ‘काठ’ हा अर्थ घेतो. ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथाचा कर्ता मम्मट याने लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: मुख्यार्थाला बाध येणे, त्या अर्थाशी काही संबंध असणे, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक असणे. हा संबंध सादृश्याचा असेल तर ती गौणी लक्षणा आणि सामीप्यासारखा दुसरा कोणता असेल तर शुद्धा. आजच्या परिभाषेतली मेटॉनिमी ही शुद्धा लक्षणेच्या बरीच जवळ जाते. म्हणून या लेखात मी तिला नुसते ‘लक्षणा’ म्हणणार आहे, पण सादृश्यावरची लक्षणा त्यात धरलेली नाही हे ध्यानात ठेवावे.

शब्द रूपकात्मक आहे की नाही हे ठरवण्याची एक शिस्तशीर रीत संशोधकांच्या एका गटाने 2007 साली प्रसिद्ध केली, आणि मी तीच वापरली. आधी संपूर्ण संवाद वाचून त्याचा एकंदर अर्थ ध्यानात घ्यायचा. मग एकेक शब्द घेऊन त्याचा या संदर्भातला अर्थ लिहायचा, आणि त्याच शब्दाचा आजच्या भाषेत अधिक मूलभूत, म्हणजे अधिक मूर्त किंवा शरीराशी निगडित असा अर्थ आहे का ते पाहायचे. दोन अर्थ वेगळे असतील आणि पहिला अर्थ दुसऱ्याशी तुलना करून समजत असेल, तरच त्याला रूपकात्मक म्हणायचे. ‘तुलना करून’ ही अट महत्त्वाची आहे, कारण लक्षणा तिच्यात बसत नाही. पहिल्या वाचनात मी ही अट सैल सोडली आणि सगळीच ‘पोटे’ रूपकाच्या रकान्यात टाकली. पुढचा सगळा अभ्यास ही चूक निस्तरताना झाला.

आधी जे गाळायला हवे ते गाळू. ‘पोटभाडेकरू’ आणि ‘पोटकलम’ यांतील पोट म्हणजे मोठ्या वस्तूच्या आत असलेला, तिच्या अंगभूत भाग. मुळात ही कल्पना शरीरावरूनच आली असणार, पण आजच्या बोलणाऱ्याच्या मनात ती जिवंत आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याची एक सोपी कसोटी आहे. ‘पोटकलम’च्या जागी ‘उपकलम’ ठेवले तर वाक्याचे काहीच बिघडत नाही, आणि कोणी त्या पोटावरून पुढे काही बोलतही नाही. ‘हे पोटकलम फुगलंय’ किंवा ‘त्या कलमाच्या पोटात दुखतंय’ असे म्हटले तर ऐकणाऱ्याला ती मुद्दाम केलेली कोटी वाटेल. जिवंत रूपकातून नवी वाक्ये सहज फुटत राहतात. इथे ती फुटत नाहीत, म्हणून हे शब्द मी बाजूला ठेवले. कोशात एकाच नोंदीखाली दिसणाऱ्या सगळ्या अर्थांना विचाराचे आकृतिबंध मानून मोजत सुटणे ही या क्षेत्रातली नेहमीची चूक आहे.

आता रखवालदाराच्या वाक्याकडे येऊ. ‘हातावर पोट’ या दोनच शब्दांच्या प्रयोगात मला सर्वांत जास्त वेळ लागला.

‘हात’ इथे अवयव नाही, तर हाताने केलेले काम आहे. काम हे हातासारखे असते असे कोणी म्हणत नाही. हात काम करतो, म्हणून साधनाच्या नावाने क्रिया सांगितली आहे. ‘पोट’ही इथे अवयव नाही, तर पोट भरणारे अन्न आणि त्या अन्नासाठी लागणारी कमाई आहे. म्हणजे दोन्ही नामे लक्षणेने काम करतात. त्यांच्यामध्ये एक साखळी दडलेली आहे: हात काम करतो, कामाचा पगार मिळतो, पगारातून अन्न येते, अन्नाने पोट भरते. बोलणारा या साखळीची फक्त दोन टोके उच्चारतो आणि मधल्या तीन कड्या ऐकणाऱ्यावर सोपवतो. ऐकणारा त्या क्षणार्धात भरतो आणि आपण काही भरले याची त्याला जाणीवही होत नाही.

राहिला तो ‘-वर’. या शब्दयोगी अव्ययाकडे माझे प्रथम लक्षच गेले नाही, आणि खरे रूपक नेमके तिथेच आहे. पोट हाताच्या पृष्ठभागावर ठेवलेले नाही. ते हातावर टेकलेले आहे, हाताने तोललेले आहे. एखाद्या गोष्टीचे अस्तित्व दुसरीवर अवलंबून असणे हे आपण खालच्या वस्तूने वरच्या वस्तूला दिलेल्या आधारासारखे समजतो. ‘सगळं घर त्याच्यावर आहे’, ‘तुमच्या भरवशावर आलो’, ‘निवृत्तिवेतनावर भागतं’ ही त्याच विचाराची वाक्ये आहेत. जे आधारावर असते ते आधार काढला की पडते. रखवालदाराने ‘नोकरी गेली तर उपासमार होईल’ हे म्हटलेच नाही, पण त्या ‘-वर’ मध्ये ते सांगून झाले होते. नामे लक्षणेची आणि शब्दयोगी अव्यय रूपकाचे, अशी ही जोडणी आहे. लक्षणा आणि रूपक असे एकाच प्रयोगात गुंफलेले असतात, ही गोष्ट बेल्जियमचे भाषावैज्ञानिक लुई गूसेन्स यांनी 1990 साली दाखवून दिली होती, आणि शरीराशी संबंधित वाक्प्रचारांत ती फार आढळते.

इथे एक बारकावा राहतो. ‘हातावर पोट’ हा प्रयोग सहसा रोजंदारीवरच्या माणसाबद्दल करतात, म्हणजे आज काम केले तर आज चूल पेटेल अशा माणसाबद्दल. रखवालदाराला महिन्याचा पगार होता. त्याने प्रयोग थोडा ताणला आणि कोणीही हरकत घेतली नाही, कारण साखळी तीच राहिली, फक्त दोन टोकांमधला काळ दिवसाऐवजी महिन्याचा झाला. पुढच्याच वाक्यात त्याने तळवे पुढे केले, तेव्हा ‘हात’ हा शब्द एकाच वेळी लक्षणेचा आणि अगदी अक्षरशः झाला. उजव्या तळव्यावर फाटकाच्या कडीने पडलेला घट्टा सगळ्यांना दिसत होता. ‘खाणारी तोंडं’ ही माणसांची मोजणी अवयवाने केलेली आहे, आणि अवयव कोणता निवडायचा हे मुद्द्यावर ठरते. मतदान असते तर आपण ‘डोकी मोजा’ म्हटले असते. इथे खर्चाचा हिशेब होता म्हणून तोंडे मोजली, आणि मिळकतीचा हिशेब होता म्हणून हात.

आता यापुढे तरुण सदस्याचे ‘पोसायचं’ ठेवून पाहावे. हे वाक्य रखवालदाराला बोलावण्यापूर्वी बोलले गेले होते, त्यामुळे ते त्याला उद्देशून नव्हते आणि त्याने ते ऐकलेही नव्हते. पगार देणे याला पोसणे म्हणणे हीदेखील वरच्याच साखळीवरची लक्षणा आहे: पगारातून अन्न येते, म्हणून पगार देणारा अन्न देतो. पण साखळीचा किती भाग घेतला ते पाहा. ‘पोसणे’ यात फक्त शेवटच्या कड्या आहेत, म्हणजे देणारा, अन्न आणि खाणारा. काम करणारा हात त्यात नाहीच. आपण लेकराला पोसतो, गुरांना पोसतो, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पोसतो. ज्याला पोसतो त्याने त्या बदल्यात काही केलेले असणे या शब्दाच्या चौकटीत येत नाही. म्हणून ‘किती दिवस पोसायचं’ या प्रश्नाला ‘तो काम करतो’ हे उत्तर देता येते, पण त्यासाठी आधी तो शब्दच नाकारावा लागतो. सभेत तसे कोणी केले नाही, मीही केले नाही. रखवालदाराने मात्र नकळत ते केले, कारण त्याच्या पहिल्याच वाक्याचा पहिला आधार ‘हात’ होता. एकच व्यवहार, एकच साखळी, पण कोणत्या कडीचे नाव घेतले यावर नोकर हा कमावणारा ठरतो की खाणारा, हे ठरते. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे.

‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका’ ही म्हणच असल्यामुळे तिचे श्रेय त्याला द्यायचे कारण नाही, पण ती त्याने नेमक्या जागी वापरली. यात ‘मारणे’ हे एकच क्रियापद दोन वेगळ्या पातळ्यांवर चालते. पाठ ही मार सोसण्याची जागा आहे, म्हणून पाठीवर मारणे हे शिक्षेच्या एका ठळक प्रकाराने कोणत्याही शिक्षेला सूचित करते. पोटावर मारणे मात्र शिक्षा सांगत नाही, तर उपजीविका तोडणे सांगते. तिथे पोट लक्षणेचे आणि मारणे रूपकाचे. कानाला दोन्ही अर्धी समांतर वाटतात, आणि त्या समांतरतेमुळेच पर्याय स्पष्ट होतो: दंड करा, ताकीद द्या, पण काढू नका. (जाता जाता, मराठीत पाठ आणि पोट नात्यांतही अशीच जोडीने येतात. पाठचा भाऊ आणि पोटचा मुलगा यांत एकीकडे क्रम आहे आणि दुसरीकडे जन्म. पण तो वेगळा विषय आहे.)

अध्यक्षांच्या वाक्यात पोट अचानक बदलते. ‘ओठांत एक आणि पोटात एक’ यात भूक नाही, अन्न नाही, कमाई नाही. इथे पोट हे बंद भांडे आहे आणि माणसाचा खरा हेतू त्यात ठेवलेला आहे. ओठ हे त्या भांड्याचे तोंड. हेतू पोटासारखा असतो असे नव्हे, तर मन हे आत असलेल्या जागेसारखे आणि विचार हे त्या जागेत ठेवलेल्या वस्तूंसारखे आपण समजतो, म्हणून हे रूपक.

मात्र इथे एक शंका घेणे आवश्यक आहे. ‘ओठ’ आणि ‘पोट’ यांचे यमक जुळते. मग हा विचाराचा आकृतिबंध आहे की केवळ जिभेला गोड लागलेली जोडी? एकाच वाक्प्रचारावरून ‘मराठी माणूस मनाला पोट समजतो’ असा निष्कर्ष काढणारा लेख मी तरी मानणार नाही. म्हणून यमक नसलेले प्रयोग शोधले पाहिजेत, आणि ते मिळतात. ‘हे पोटात ठेव, कुठे बोलू नकोस’ असे आपण म्हणतो. ज्याला गुपित राखता येत नाही त्याच्याबद्दल ‘त्याच्या पोटात काही राहत नाही’ असे म्हणतो. गोड बोलून विश्वास मिळवणारा माणूस दुसऱ्याच्या पोटात शिरतो. यांतले कोणतेही यमकावर उभे नाही, आणि तिन्हीत पोट हे आत ठेवण्याचे, आत जाण्याचे ठिकाण आहे. तेव्हा यमकाने म्हण टिकवली असेल, पण विचार यमकाने निर्माण केलेला नाही.

इथे सभेतल्या मतभेदाचे एक कारण दिसू लागते. रखवालदार ज्या पोटाबद्दल बोलत होता ते रिकामे होणारे पोट होते. अध्यक्ष ज्या पोटाबद्दल बोलले ते लपवणारे पोट होते. दोघांनी एकच शब्द वापरला, पण एकाच्या वाक्याने दुसऱ्याच्या वाक्याला उत्तर मिळत नव्हते. भुकेचा मुद्दा खरेपणाच्या शंकेने खोडून निघत नाही, आणि खरेपणाची शंका भुकेच्या वर्णनाने फिटत नाही. पुढची दहा मिनिटे चर्चा याच दोन टोकांमध्ये फिरत राहिली.

काकूंचे ‘पोटात कालवलं’ हे तुलनेने सरळ आहे. कालवणे म्हणजे भात आणि आमटी बोटांनी एकत्र करणे. दुसऱ्याचे दुःख ऐकून पोटात होणारी ढवळाढवळ खरोखर जाणवते, आणि त्या जाणिवेच्या नावाने करुणा सांगितली जाते. म्हणजे परिणामाच्या नावाने कारण सांगणारी लक्षणा, आणि तिच्या आत कालवण्याचे छोटे रूपक. अशा प्रयोगांत अक्षरार्थ आणि लक्ष्यार्थ वेगळे करायला व्याकरण मदत करते. ‘माझ्या पोटात दुखतंय’ याला कोणी ओवा देईल, पण ‘शेजाऱ्याची गाडी बघून त्याच्या पोटात दुखतं’ याला कोणी औषध सुचवणार नाही. कारण सांगणारा शब्द आणि पुरुष बदलला की आजाराची जागा मत्सर घेतो.

शेवटचे ‘पोटात घाला’ हे वाक्य या सगळ्याच्या केंद्राशी आहे. क्षमा करणे याला पोटात घालणे म्हणणे हे लक्षणेने उलगडत नाही, कारण क्षमा करताना पोटाला प्रत्यक्षात काहीच करावे लागत नाही. मी एक घरगुती कसोटी वापरते: प्रयोगात ‘जणू’ घालून पाहावे. ‘चूक जणू एक घास आहे, तो गिळून टाका’ हे समजते. ‘उपजीविका जणू पोट आहे’ हे मात्र काही केल्या जमत नाही. पहिले रूपक, दुसरी लक्षणा. कसोटी नेहमी चालते असे नाही (‘पोसणे’ या शब्दावर ती अडखळते), पण इथे तिचा निर्णय स्वच्छ आहे.

हे पोट खाणाऱ्याचे की आईचे, असा एक प्रश्न एका सहकाऱ्याने मला विचारला. चूक गिळायची, की चुकणाऱ्याला लेकरासारखे पोटाशी घ्यायचे? मला पहिला अर्थ पटतो, कारण क्रियापद तेच आहे: ‘दोन घास पोटात घाल’ आणि ‘एवढी चूक पोटात घाल’. शिवाय पोटात जाते ती चूक. माणसाला जवळ घेणे यासाठी ‘पोटाशी धरणे’ हा वेगळा प्रयोग आहे, आणि त्यात ‘-शी’ येतो, ‘-त’ येत नाही. मात्र ‘अपमान गिळणे’ याच्याशी ते एक नाही. अपमान गिळतो तो लहान माणूस, नाइलाजाने. चूक पोटात घालतो तो मोठा माणूस, स्वतःच्या इच्छेने. देवाला ‘माझे अपराध पोटात घाल’ असे म्हणतात. वरिष्ठांची चूक मी पोटात घातली असे कनिष्ठाने म्हटले तर ते उद्धट वाटेल. काकूंनी हे वाक्य समितीला उद्देशून वापरले तेव्हा समितीला त्यांनी न बोलता मोठेपणाच्या जागी बसवले होते.

आणि यानंतर जे घडले त्यामुळे मी हे प्रकरण लिहायला घेतले. तरुण सदस्य लगेच म्हणाला, “काकू, पोटात घालायची म्हणजे नोंदच करायची नाही का?” काकूंनी क्षमेची व्याख्या वगैरे काही केली नाही. त्या म्हणाल्या, “नोंद कर ना. पण पुन्हा पुन्हा उगाळू नका म्हणजे झालं.”

तरुणाचा प्रश्न कुठून आला? ‘क्षमा’ या शब्दात नोंद पुसणे अनुस्यूत नाही. क्षमा करून नोंद ठेवता येते. नोंद नाहीशी होण्याची कल्पना पोटातून आली. पोटात गेलेली वस्तू बाहेरून दिसत नाही आणि काही वेळाने तिचे अस्तित्वच उरत नाही. म्हणजे त्याने घास आणि पोट यांच्या व्यवहारातला एक परिणाम उचलला, तो चुकीला लावला, आणि त्यावरून संस्थेच्या कारभाराबद्दल एक पूर्ण गंभीर हरकत उभी केली. काकूंनीही त्याच पातळीवर उत्तर दिले. जे एकदा आत गेले ते पुन्हा सहाणेवर घेऊन उगाळू नये, एवढाच अर्थ त्यांनी राखला आणि दिसेनासे होण्याचा अर्थ सोडून दिला. रूपक केवळ शब्दाची सजावट असते तर त्यावरून अनुमान निघाले नसते, आणि त्या अनुमानाला मर्यादा घालण्याची गरजही पडली नसती. दोघांनी मिळून एका मिनिटात रूपकाचा कोणता भाग लागू आणि कोणता नाही हे ठरवले, आणि ठरवताना ‘रूपक’ हा शब्द कोणाच्या मनातही आला नव्हता.

यातले किती मराठीचे आणि किती माणसाच्या शरीराचे, हेही थोडक्यात पाहण्यासारखे आहे. इंग्रजीतही कुटुंबाचा भार सांगताना खायला घालायची तोंडे मोजतात आणि कामगाराला ‘हँड’ म्हणतात. लक्षणा अशा सहज जुळतात, कारण हात आणि तोंड सगळीकडे तेच काम करतात. पण तिथे ‘स्टमक’ हे क्रियापद नकोशी गोष्ट सहन करण्यापुरते चालते, त्यात क्षमा नाही. जपानीत पोटाला ‘हारा’ म्हणतात. तिथे राग आला की हारा उभे राहते, आणि मोकळेपणाने बोलायचे तर हारा फोडून बोलतात. खरा हेतू पोटात असतो हा विचार आपल्या आणि त्यांच्या बोलण्यात भेटतो, पण पोटात उभा राहणारा राग मराठीला ठाऊक नाही. आपला राग नाकावर असतो किंवा मस्तकात जातो. शरीर सामग्री पुरवते, आणि तिच्यातून काय उचलायचे ते प्रत्येक भाषा आपले आपण ठरवते.

मतदान सहा विरुद्ध तीन झाले. रखवालदाराला लेखी ताकीद द्यावी, रात्री दर दोन तासांनी वहीत वेळ लिहून सही घ्यावी, आणि त्याला कामावर ठेवावे असे ठरले. या निर्णयाचे श्रेय कोणत्याही वाक्याला देण्याचा मोह मी टाळते. ठेवण्याच्या बाजूने मत देणाऱ्या दोघांना नंतर विचारले, तेव्हा एजन्सीकडून माणूस घेतला तर महिन्याचा खर्च वाढला असता, एवढेच कारण त्यांनी दिले. शब्दांनी विचाराची चौकट दाखवली हे मला सांगता येते. मत शब्दांनी बदलले हे सांगायला माझ्याकडे पुरावा नाही.

इतिवृत्ताच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते: ‘संबंधित कर्मचाऱ्याने उपजीविकेचा प्रश्न मांडून सेवेत ठेवण्याची विनंती केली.’ वाक्य अचूक होते. तरीही मम्मटाची तिसरी अट आठवून मी थांबले. गंगेच्या काठाला गंगा म्हणण्याचे प्रयोजन असे सांगतात की काठापेक्षा गंगेच्या नावाने थंडावा आणि पावित्र्य जवळ येते. रखवालदाराने उपजीविकेला पोट म्हटले तेव्हा भूक जवळ आली होती, आणि मी लिहिलेल्या वाक्यात ती नव्हती. शिवाय ‘उपजीविका’ म्हटल्यावर हातही गेला होता. कोणाच्या हातावर काय टेकलेले आहे हे त्या शब्दात कुठेच दिसत नव्हते.

मी ते वाक्य ठेवले आणि त्याच्या पुढे अवतरणात त्याचे शब्द घातले. पुढच्या महिन्याच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करायचे होते, तेव्हा सचिवांनी ते मोठ्याने वाचले: ‘माझं हातावर पोट आहे.’ तरुण सदस्याने फक्त एवढेच विचारले की त्याने स्वतः विचारलेला नोंदीबद्दलचा प्रश्न इतिवृत्तात का नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते. तो प्रश्न आणि काकूंचे उत्तर, दोन्ही मी त्याच बैठकीत दुरुस्ती म्हणून लिहिले.